18 टक्के वाढ, पण कशाच्या तुलनेत?

तयार कपड्यांच्या साखळी दुकानात स्टोअर मॅनेजरची जागा निघाली की येणाऱ्या रेझ्युमेंमध्ये चार ओळी हमखास सापडतात. वर्षाची विक्री इतके कोटी, वाढ इतके टक्के. इतक्या कोटींचा माल सांभाळला, घट अमुक टक्क्यांच्या आत. इतक्या जणांची टीम. दोन शिफ्टचं नियोजन. या ओळी बहुतेक वेळा खऱ्या असतात. तरीही त्या वाचून हा माणूस दुकान कसं चालवतो ते कळत नाही, कारण दुकानाची विक्री एकट्या मॅनेजरची नसते. मोक्याची जागा, मुख्य कार्यालयाने पाठवलेला माल, जाहिरात, सेलच्या तारखा, हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं. रेझ्युमे वाचणाऱ्याने त्या आकड्यातून मॅनेजरचा स्वतःचा वाटा वेगळा काढायचा असतो.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत, पण अशी मांडणी या धंद्यात वारंवार दिसते. नाशिकसारख्या शहरातलं, हमरस्त्यावरचं 4,000 चौरस फुटांचं दुकान. उमेदवार लिहितो : ‘वार्षिक विक्री 5.25 कोटींवरून 6.20 कोटींवर नेली, 18 टक्के वाढ.’

गणित बरोबर आहे. पण त्याच रेझ्युमेत खाली बारीक अक्षरांत दिसतं की दुकान जूनमध्ये सुरू झालं. म्हणजे पहिलं आर्थिक वर्ष 10 महिन्यांचं आणि दुसरं 12 महिन्यांचं. सरासरी काढली तर पहिल्या वर्षी महिन्याला 52.5 लाख, दुसऱ्या वर्षी साधारण 51.7 लाख. वाढ गेली कुठे? सरासरीवरही थांबू नये, कारण एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि उन्हाळी सुट्ट्या, ते महिने बाकीच्यांसारखे नसतात. खरी तुलना जून ते मार्चची जून ते मार्चशीच करायची. दुसऱ्या वर्षी ते 10 महिने 5.13 कोटींवर संपले असतील, तर विक्री 18 टक्के वाढलेली नाही, दोन टक्क्यांहून थोडी जास्त घटली आहे.

इथे बरेच जण रेझ्युमे बाजूला ठेवतात. मला ती घाई वाटते. अजून एक थर खाली जायला हवं, कारण विक्री तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते : दुकानात किती माणसं आली, त्यांतल्या किती जणांनी खरेदी केली आणि सरासरी बिल किती झालं. पहिल्या वर्षीच्या 10 महिन्यांत दीड लाख माणसं आत आली, 25 टक्क्यांनी खरेदी केली आणि बिल सरासरी 1,400 रुपयांचं झालं, की 5.25 कोटी होतात. दुसऱ्या वर्षी समोरच नवं दुकान उघडलं, उद्घाटनाची नवलाईही ओसरली, आणि येणारी माणसं 1,30,000 वर आली. पण खरेदी करणारे 27 टक्के झाले, बिल 1,462 रुपयांवर गेलं. गुणाकार करून पाहा, 5.13 कोटी येतात. गर्दी 13 टक्क्यांनी घटली असताना विक्री फक्त दोन टक्क्यांनी घटली. या मॅनेजरची खरी कमाई हीच आहे. माणसं रस्त्यावरून आत आणणं बरंचसं जागेवर आणि जाहिरातीवर अवलंबून असतं. आत आलेल्याला हवा तो साइज मिळणं, ट्रायल रूमबाहेर कोणी तरी मदतीला असणं, शर्टाबरोबर पँट दाखवली जाणं, हे मॅनेजरच्या हातात असतं. उमेदवाराने मोठा दिसणारा आकडा लिहिला आणि आपला चांगला आकडा लिहिलाच नाही. मुलाखतीत तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो.

अर्थात गर्दीच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये. दारावरचं मोजणी यंत्र डोकी मोजतं. आपल्याकडे चौघांचं कुटुंब येतं आणि बिल एकच होतं, कर्मचारी दिवसभर आतबाहेर करतात. म्हणून एका दुकानाचे 27 टक्के दुसऱ्या दुकानाच्या टक्केवारीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच दुकानाचं, त्याच यंत्राचं, मागच्या वर्षीशी ताडावं. सणांचंही तसंच. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत आली. त्यामुळे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कपड्यांच्या दुकानाची विक्री उसळली असेल तर त्यात पंचांगाचा वाटा मोठा आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरले तरच काही हाती लागतं. आणि कोणी 2021-22 मधली वाढ अभिमानाने लिहिली असेल, तर आधीचं वर्ष टाळेबंदीचं होतं हे आठवावं.

मालाच्या ओळीत आमचा उमेदवार लिहितो : ‘दीड कोटींचा माल सांभाळला, घट 0.3 टक्के.’ दीड कोटी ही जबाबदारी झाली, काम नव्हे. महिन्याला 52 लाख विकणाऱ्या दुकानात तो जेमतेम तीन महिन्यांचा माल आहे. शिवाय साखळी दुकानांत कुठला माल किती मागवायचा हे बहुधा मुख्य कार्यालय ठरवतं. स्टोअर मॅनेजरने ‘खरेदीचं नियोजन केलं’ असं लिहिलं तर आधी तेच विचारावं, ऑर्डर कोण देत होतं.

घट म्हणजे संगणकातला साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यांतला फरक. 0.3 टक्के हे विक्रीच्या प्रमाणात असतील तर 6.20 कोटींवर ते 1,86,000 रुपये होतात. आता ही बेरीज-वजाबाकी करून उरलेली रक्कम आहे का ते पाहावं. मोजणीत 3,10,000 रुपयांचा माल कमी आणि 1,24,000 रुपयांचा माल जास्त निघाला, तरी निव्वळ घट तेवढीच दिसते. जास्त निघालेला माल म्हणजे फायदा नाही. 40 साइजचे सहा निळे शर्ट कमी आणि 42 चे सहा जास्त निघाले तर चोरी झालेली नाही. टॅग उलटसुलट लागले, किंवा काउंटरवर एकच शर्ट स्कॅन करून ‘नग दोन’ टाकले गेले. पैशाचा हिशेब जुळतो, पण संगणक म्हणतो 42 संपला, म्हणून नवा 42 येतो, आणि 40 चा ग्राहक रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून चांगला मॅनेजर नुसती निव्वळ घट सांगत नाही. कमी किती, जास्त किती, आणि तफावत कुठल्या विभागात, ते सांगतो.

मोजणी कोणी आणि केव्हा केली हेही लागतं. वर्षातून एक-दोनदा बाहेरचे लोक येऊन सगळा साठा मोजतात ती गोष्ट वेगळी, आणि दुकानातल्यांनीच दर आठवड्याला एकेक विभाग मोजणं वेगळं. उमेदवाराने सूत्रं हाती घेतल्यानंतरची पहिली मोठी मोजणी बहुतेक आधीच्या मॅनेजरचा हिशेब असते. त्याच्या कारकिर्दीचा निकाल दुसरी मोजणी देते. तो त्या दुकानात आठच महिने असेल तर ती झालीही नसेल.

‘22 जणांची टीम’ या ओळीवर फार वेळ घालवायची गरज नाही, पण तिची फोड मात्र मागावी. आमच्या उदाहरणात नऊ जण कंपनीच्या पगारावर, आठ जण एजन्सीमार्फत, आणि पाच जण वेगवेगळ्या ब्रँडनी आपापला माल विकायला ठेवलेले. या पाचांचा पगार आणि टार्गेट ब्रँड ठरवतो. त्यांच्याकडून दुसऱ्या ब्रँडच्या ग्राहकालाही मदत करून घ्यायची तर हुकूम चालत नाही. उमेदवाराने ते कसं जमवलं हे विचारलं की त्याची माणसं सांभाळण्याची रीत कळते. वर्षात किती जण सोडून गेले यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांत किती गेले हा आकडा बोलका आहे, कारण तो थेट निवड आणि शिकवणीशी जोडलेला असतो. आणि त्याच्या हाताखालचा कोणी विभागप्रमुख झाला असेल तर ती एक ओळ मला टीमच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते.

शिफ्टकडे रेझ्युमे वाचणारे सहसा पाहतच नाहीत. खरं तर खरेदीची टक्केवारी वाढते ती तिथेच. दुकान सकाळी 10 ते रात्री 10 उघडं आहे. सोपी वाटणी अशी : अर्धे जण 10 ते 7, अर्धे 1 ते 10. दुपारी एक ते सात सगळे हजर, आणि तीच वेळ सुस्त. शनिवारी संध्याकाळी सातला पहिली शिफ्ट घरी जाते, 17 पैकी नऊ उरतात. दोघे बिलिंगवर, एक ट्रायल रूमपाशी, एक दारात. 4,000 चौरस फुटांत ग्राहकाशी बोलायला पाच जण, आणि ते नेमके दिवसातल्या सर्वांत मोठ्या गर्दीत. ज्याने तासागणिक बिलांचा अहवाल काढून पाहिला आहे, तो शनिवारी सकाळी पाचच जण बोलावतो आणि बाकी 12 संध्याकाळसाठी राखतो.

हे कागदावर दिसतं तितकं सोपं नसतं. रात्री 10 ला सुटलेल्याला शेवटची बस मिळायला हवी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. आठवड्याची मर्यादा 48 तासांची आहे. जेवणाचा तास वगळून आठ तासांचे सहा दिवस भरले की ती तिथेच संपते. म्हणजे दुकान बंद झाल्यावरची साठामोजणी किंवा दिवाळीआधीच्या जादा रात्री हा ओव्हरटाइम असतो आणि त्याला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. ‘मनुष्यबळाचा खर्च कमी केला’ अशी ओळ दिसली तर तो रोस्टर सुधारून कमी केला की लोकांना फुकट थांबवून, हे विचारायलाच हवं. पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेलेल्यांच्या आकड्यातही त्याचं उत्तर बऱ्याचदा सापडतं.

यातलं फारसं काही आधीच्या कंपनीकडून पडताळून घेता येत नाही. तिथून बहुधा पद आणि नोकरीच्या तारखांपलीकडे काही मिळत नाही आणि दुकानाचे आकडे गोपनीय असतात. उमेदवाराकडे कागदपत्रं मागणंही योग्य नाही, ती त्याच्या मालकीची नसतात. त्याला फक्त कागद-पेन द्यावं आणि दोन गोष्टी करायला सांगाव्यात : 18 टक्के कसे आले ते फोडून दाखवणं, आणि गेल्या कुठल्याही शनिवारी रात्री आठ वाजता कोण कुठे उभं होतं त्याचा नकाशा काढणं. ज्याने दुकान चालवलं आहे त्याला आकडे थोडे मागेपुढे आठवतील, पण ट्रायल रूमपाशी कोण होतं हे सांगायला त्याला वेळ लागत नाही.