ग्राहक नाशिकला गेला आणि पुण्याची जुनी विक्री घटली

पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारी पुण्यातली एक कंपनी उदाहरण म्हणून घेऊ. कोथरूडच्या एका ग्राहकाने मार्च 2022 मध्ये 18,500 रुपयांचे यंत्र घेतले. मार्च 2023 मध्ये देखभालीचे 3,000 रुपये भरले. जून 2023 मध्ये बदली झाली, घर नाशिकला हलले. त्याने फोन करून नवा पत्ता कळवला आणि कार्यालयातल्या मुलीने तो संगणकात नोंदवला. मार्च 2024 मध्ये देखभालीचे 3,200 रुपये नाशिकहून आले.

या ग्राहकाने पुण्यात किती रुपये दिले? 21,500. नाशिकमध्ये? 3,200. कंपनीचा शहरवार अहवाल मात्र सांगतो, की पुण्यात शून्य आणि नाशिकमध्ये 24,700. यंत्र विकले गेले तेव्हा त्या कंपनीची नाशिकला शाखासुद्धा नव्हती.

कोणी आकडे फिरवलेले नाहीत. चूक आहे ती माहिती ठेवण्याच्या आणि जोडण्याच्या पद्धतीत. विक्रीच्या तक्त्यात ग्राहकाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम एवढेच असते. नाव-पत्ता ग्राहकांच्या वेगळ्या तक्त्यात राहतो, म्हणजे तोच तो पत्ता प्रत्येक विक्रीसोबत पुन्हा लिहावा लागत नाही. अहवाल काढताना क्रमांकाच्या आधारे दोन्ही तक्ते जोडतात:

```sql
SELECT c.city, SUM(s.amount)
FROM sales s
JOIN customer c
  ON c.customer_id = s.customer_id
GROUP BY c.city;
```

या ओळींत तारखेचा उल्लेखच नाही. ग्राहकांच्या तक्त्यात प्रत्येकाची एकच ओळ असते आणि नवा पत्ता जुन्यावरच लिहिला जातो. त्यामुळे 2022 ची विक्री असो की 2024 ची, तिला आजचाच पत्ता चिकटतो. एप्रिल 2022 मध्ये छापलेला अहवाल आणि त्याच वर्षाचा आज काढलेला अहवाल शेजारी ठेवले, तर शहरांचे आकडे जुळत नाहीत. मधल्या काळात एकही जुने बिल बदललेले नसते.

ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते, कारण एकूण बेरीज बिनचूक येते. पुण्यातून जेवढे वजा होते, तेवढेच नाशिकमध्ये जमा होते. हिशेब तपासणारा आधी बेरीज पाहतो. ती ताळेबंदाशी जुळली, की अहवाल बरोबर धरला जातो. त्याच अहवालावरून मग कुठल्या शहरात माणसे वाढवायची, कुठली शाखा मागे पडली, कोणाला प्रोत्साहन भत्ता द्यायचा हे ठरते. नाशिकच्या व्यवस्थापकाला शाखा उघडण्याआधीच्या विक्रीचे श्रेय मिळते आणि पुण्याच्या माणसाने खरोखर केलेले काम त्याच्या खात्यातून निघून जाते. चूक पकडायची असेल, तर बंद झालेल्या वर्षाचा अहवाल पुन्हा काढून जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावा. एखाद्या शहरात व्यवसाय सुरू होण्याआधीची विक्री दिसते का, हेही पाहावे.

यावरचा उपाय महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवा वाटणार नाही. जमीन विकली, की सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव न पुसता कमी केलेले दाखवले जाते, नवे नाव येते आणि सोबत फेरफार क्रमांक पडतो. कोणत्या काळात जमीन कोणाच्या नावावर होती, हे फेरफार नोंदवहीवरून लावता येते. ग्राहकाच्या पत्त्याचेही असेच करायचे असते. जुनी ओळ पुसायची नाही. ती कोणत्या तारखेपर्यंत लागू होती एवढे लिहून तिच्याखाली नवी ओळ जोडायची.

अमेरिकी तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी 1996 च्या आपल्या पुस्तकात अशा हळूहळू बदलणाऱ्या माहितीचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात जुन्यावरच नवे लिहायचे, दुसऱ्यात नवी ओळ घालायची, तिसऱ्यात जुन्या किमतीसाठी वेगळा रकाना ठेवायचा. संगणक क्षेत्रातले लोक आजही ‘टाइप वन’, ‘टाइप टू’ असेच बोलतात. पत्त्यासाठी बहुधा दुसरा प्रकार लागतो. आपल्या ग्राहकाच्या आता दोन ओळी होतील. पुण्याची ओळ मार्च 2022 पासून 10 जून 2023 पर्यंत आणि नाशिकची 10 जूनपासून पुढे. चालू ओळीला शेवटची तारीख नसते, म्हणून तिथे `9999-12-31` अशी फार दूरची तारीख घालायची प्रथा आहे. जोडणी मग अशी होते:

```sql
JOIN customer_history c
  ON  c.customer_id = s.customer_id
  AND s.sale_date >= c.valid_from
  AND s.sale_date <  c.valid_to
```

शेवटच्या ओळीतल्या `<` या चिन्हाकडे नीट पाहिले पाहिजे. तिथे `<=` लिहिले, तर 10 जूनची विक्री दोन्ही ओळींना लागते आणि दोनदा मोजली जाते. उलट, दोन ओळींच्या तारखांमध्ये एका दिवसाची फट राहिली, तर त्या दिवसाची विक्री अहवालातून गळते. मात्र या चुका बेरजेत उमटतात. एकूण रक्कम मूळ विक्रीपेक्षा जास्त आली तर तारखा एकमेकींवर चढल्या आहेत, कमी आली तर कुठेतरी फट आहे.

प्रत्येक बदलाला नवी ओळ लागते असेही नाही. ‘कोथरुड’चे ‘कोथरूड’ केले किंवा पिनकोडमधला चुकलेला आकडा सुधारला, तर ती दुरुस्ती झाली. तिथे जुन्यावर लिहिणेच योग्य. ग्राहक खरोखर हलला असेल, तेव्हा नवी ओळ. हा फरक संगणकाला आपोआप कळत नाही. पत्ता बदलणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर ‘दुरुस्ती’ की ‘स्थलांतर’ असा प्रश्न यायला हवा आणि केव्हापासून, हेही विचारायला हवे. जूनमध्ये हललेला माणूस ऑगस्टमध्ये कळवतो, तेव्हा राहण्याची तारीख एक आणि नोंदीची दुसरी. 2011 च्या एसक्यूएल मानकात या दोन्ही प्रकारच्या कालखंडांची सोय आली.

कधी ग्राहक जागचा हलत नाही आणि तरीही पत्ता बदलतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. वसईचा ग्राहक त्याच घरात राहून ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेला. विक्रीच्या दिवशीचा जिल्हा धरला, तर ठाण्याची विक्री ऑगस्टनंतर कोसळलेली दिसेल. खरे तर तिथला धंदा बसलेला नाही, फक्त हद्द बदलली. अशा तुलनेसाठी जुन्या विक्रीलाही आजची हद्द लावणे बरोबर ठरते, फक्त अहवालाच्या माथ्यावर तसे लिहिलेले असावे. उद्या पत्रक पाठवायचे असेल, तेव्हाही आजचाच पत्ता हवा. म्हणून दोन्ही माहिती हाताशी ठेवून प्रत्येक अहवालाला कोणती हवी, हे आधी ठरवावे लागते.

आधीच पुसले गेलेले पत्ते मात्र ग्राहकांच्या तक्त्यातून परत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी बिलांच्या प्रती, माल पोचवल्याच्या पावत्या आणि संगणकाच्या जुन्या बॅकअपकडे वळावे लागते. बिलावर त्या दिवशीचा पत्ता छापलेला असतो. ही बिले तारखेच्या क्रमाने लावली, की पत्ता कोणत्या दोन बिलांच्या मध्ये बदलला हे कळते. नेमका दिवस मिळत नाही, पण विक्रीच्या अहवालाचे त्यावाचून अडत नाही, कारण त्या दोन बिलांच्या मधल्या काळात त्या ग्राहकाला काहीच विकलेले नसते.