एक भागिले झाडाचा आकार

संगणकात लाखो नोंदी ठेवायच्या आणि हवी ती क्षणात शोधायची, तर बायनरी सर्च ट्री ही जुनी आणि सरळ रचना आहे. कागदावर हे झाड उलटं काढतात. सगळ्यांत वर एक नोंद असते, तिला रूट म्हणतात. तिच्याहून लहान नोंदी डाव्या बाजूला जातात, मोठ्या उजव्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंच्या उपझाडांत पुन्हा हाच नियम चालतो. शोधताना रूटशी तुलना करायची, एक बाजू पूर्ण सोडून द्यायची आणि खाली उतरायचं.

नोंदी सरमिसळ क्रमाने आल्या तर हे झाड छान पसरतं. दहा लाख नोंदींच्या झाडात एखादी नोंद सरासरी २५ पायऱ्या खाली सापडते. पण व्यवहारात नोंदी सरमिसळ क्रमाने क्वचितच येतात. पावत्यांचे क्रमांक चढत जातात, नावांची यादी अकारविल्हे येते, मोजमापांवर वेळेचे शिक्के एकापुढे एक असतात. अशा चढत्या क्रमाने आलेली प्रत्येक नोंद आधीच्या सगळ्यांहून मोठी, म्हणून ती उजवीकडेच जाते. झाड उरतच नाही, एक लांबलचक साखळी होते आणि तिच्यात शोध घेताना सरासरी पाच लाख पायऱ्या उतराव्या लागतात.

यावरचा एक उपाय १९६२ पासून आहे. अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांचं झाड प्रत्येक भरणीनंतर दोन्ही बाजूंची उंची तपासतं आणि तोल गेला असेल तर गाठी फिरवून तो सावरतं. ही शिस्त उत्तम चालते, पण तिचे नियम बरेच आहेत आणि नोंद काढून टाकताना ते आणखी वाढतात. बार्सिलोनाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या कोनरादो मार्तिनेझ आणि साल्वादोर रौरा यांनी १९९८ मध्ये ‘जर्नल ऑफ द एसीएम’मध्ये वेगळी वाट मांडली. त्यांचं झाड तोल तपासतच नाही.

नियम असा. झाडात n नोंदी आहेत आणि एक नवी आली. या n+1 जणांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलली असं समजा. चिठ्ठी नवीनच्या नावाची निघाली तर तीच रूट होते. म्हणजे तशी शक्यता 1/(n+1). नाही निघाली, तर जुनं रूट जागेवर राहतं, नवी नोंद लहान-मोठी पाहून डाव्या किंवा उजव्या उपझाडात उतरते आणि तिथे त्या उपझाडाच्या आकारानुसार पुन्हा चिठ्ठ्या पडतात. रिकाम्या जागी चिठ्ठी एकच असते, म्हणून तिथे ती नक्की बसते.

उभ्या झाडात मधूनच नवं रूट कसं बसवायचं? त्याची रीत स्टीफन्सन यांनी १९८० मध्येच दाखवली होती. समजा वर ५० आहे. त्याच्या डावीकडे ३०, उजवीकडे ७०; आणि ३० च्या खाली २० व ४०. आता ४५ ला रूट व्हायचं आहे. ४५ शोधायला निघावं तसं उतरायचं. ५० मोठा, म्हणून तो आपल्या ७० सकट उजव्या ढिगात गेला. डावीकडे ३० लहान, तो आपल्या २० सकट डाव्या ढिगात गेला. पुढे ४० भेटला. तोही लहान, म्हणून तो ३० च्या उजवीकडे राहिला. वाट संपली. आता ४५ वर, डावीकडे ३० चं झाड आणि उजवीकडे ५० चं. शोधाच्या वाटेवरच्या नोंदींनाच हात लागला, बाकीची उपझाडं जशीच्या तशी उचलली गेली. म्हणून हे काम एका शोधाहून फारसं महाग पडत नाही.

आता सगळ्यांत वाईट क्रम घेऊ: १, मग २, मग ३. पहिल्याने १ बसला. २ आला तेव्हा दोन चिठ्ठ्या होत्या, म्हणून निम्म्या वेळा २ वर आणि निम्म्या वेळा १ वर. मग ३ आला आणि चिठ्ठ्या तीन झाल्या. एक तृतीयांश वेळा ३ रूट होतो आणि त्याच्या डावीकडे आधीच्या दोनपैकी एक झाड लटकतं; प्रत्येकाची शक्यता 1/6. उरलेल्या दोन तृतीयांशात, २ वर असेल तर ३ मुकाट्याने त्याच्या उजवीकडे बसतो आणि नीट तोललेलं झाड तयार होतं. त्याची शक्यता अर्ध्याचे दोन तृतीयांश, म्हणजे 1/3. १ वर असेल तर ३ ला उजव्या उपझाडात २ भेटतो, तिथे पुन्हा दोन चिठ्ठ्या पडतात आणि दोन आकार 1/6, 1/6 ने निघतात. बेरीज करून पाहा: १, २, ३ प्रत्येकजण एक तृतीयांश वेळा रूट झाला. तीन नोंदी पूर्ण सरमिसळ करून साध्या पद्धतीने भरल्या असत्या तर नेमकं हेच वाटप मिळालं असतं.

हे तीनपुरतं जमून आलेलं नाही. जुन्या n नोंदींपैकी प्रत्येकीला रूट असण्याची संधी 1/n होती. नवी नोंद रूट न होण्याची शक्यता n/(n+1). दोन्हींचा गुणाकार केला की प्रत्येक जुनीच्या वाट्याला 1/(n+1) येतो, म्हणजे नवीएवढाच. उपझाडांतही हाच युक्तिवाद चालतो. नवं रूट बसवताना झालेले दोन तुकडेही तितकेच सरमिसळ राहतात, हा सिद्धतेचा अवघड अर्धा भाग आहे आणि तो त्या लेखात नीट दिलेला आहे. मला या पद्धतीचं मोठेपण इथे वाटतं की नशीब नोंदींच्या क्रमावरून काढून यंत्राच्या चिठ्ठ्यांवर आणलं आहे. नोंदी चढत्या येवोत, उतरत्या येवोत, कुणी मुद्दाम वाईट क्रम रचो, सरासरी तीच राहते. मात्र चिठ्ठ्या त्याला आधी कळता कामा नयेत. साखळी होणं अशक्य नाही, पण नोंदी वाढतील तशी ती शक्यता नगण्य होत जाते.

काढून टाकण्यातही तोच न्याय आहे. नोंद गेली की तिच्या खालची दोन उपझाडं सांधायची असतात. डाव्यात m आणि उजव्यात n नोंदी असतील, तर m/(m+n) शक्यतेने डाव्याचं रूट वर ठेवायचं, नाहीतर उजव्याचं, आणि मग खाली उतरत हेच करत जायचं. साध्या झाडात काढलेल्या नोंदीच्या जागी नेहमी तिच्या लगेच पुढची मोठी नोंद आणतात. भरणं-काढणं दीर्घकाळ चाललं की त्या एकतर्फी सवयीने झाड कलतं. इथे तसं होत नाही.

याची किंमत अशी की प्रत्येक नोंदीपाशी तिच्या उपझाडाचा आकार लिहून ठेवावा लागतो आणि उतरताना दर पायरीला एक यादृच्छिक संख्या लागते. आकार लिहिलेला असल्यामुळे “यादीतली हजारावी नोंद कोणती?” हेही झटकन सांगता येतं. नोंद आधीच झाडात असेल तर आधी शोधून खात्री करावी, नाहीतर वाटेतले आकार उगाच वाढतात आणि पुढचे सगळे भागाकार बिघडतात.

सर्वांत चिवट चूक मात्र एकाची असते: चिठ्ठ्या n+1 ऐवजी n धरणं, म्हणजे नवी नोंद मोजायलाच विसरणं. ही चूक वेगावरून सहजासहजी कळत नाही, कारण झाड तरीही बऱ्यापैकी पसरतं. ती पकडायला १, २, ३ याच क्रमाने भरणी साठ हजार वेळा करावी आणि निघालेले आकार मोजावेत. कार्यक्रम बरोबर असेल तर पाचही आकार दिसतात. तोललेला वीस हजारांच्या आसपास आणि उरलेले चार दहा-दहा हजारांच्या आसपास. एकाची चूक असेल तर २ दरवेळी १ च्या डोक्यावर बसतो, १ कधीच रूट होत नाही आणि दोनच आकार निघतात: तीस हजार वेळा तोललेलं झाड, तीस हजार वेळा ३-२-१ ही साखळी.