ठेव मोडल्यावर हातात किती येतं?

मुदत ठेव मोडायला गेलं की काउंटरवर बहुतेक वेळा एवढंच सांगतात, ‘अर्धा टक्का दंड लागेल.’ ठेव सात टक्क्यांची असेल तर ऐकणारा मनातल्या मनात साडेसहा टक्क्यांचा हिशेब करतो आणि सही करून मोकळा होतो. खात्यात पैसे येतात ते त्याहून कमी. मग बँकेनं फसवलं, असं वाटू लागतं. हिशेब तपासून पाहिला तर तो बरोबरच निघतो. व्याजाला दोनदा कात्री लागलेली असते, आणि सांगताना फक्त दुसरीचा उल्लेख झालेला असतो.

पहिली कात्री समजायला ठेवीची पावती नीट पाहावी लागते. बँक मुदतीप्रमाणे वेगवेगळा दर देते. सात दिवसांपासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतींचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा असतो. तुम्ही पैसे भरता त्या दिवशीच्या दरपत्रकातला तुमच्या टप्प्याचा दर पावतीवर येतो आणि मुदत संपेपर्यंत तोच राहतो. पुढे बँकेनं दर घटवले तरी तुमचा दर हलत नाही. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवलं जातं आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज धरलं जातं.

हा दर मुदतीच्या वचनावर मिळालेला असतो. तुमचे तीन वर्षांसाठी ठेवलेले पैसे बँक त्याच अंदाजानं कर्जाऊ देते. कर्जदार हप्ते ठरल्या वेळापत्रकानं भरतो. तुम्ही मध्येच पैसे मागितले म्हणून त्याचं कर्ज लगेच वसूल करता येत नाही. बँकेला तेवढे पैसे दुसरीकडून, त्या दिवशीच्या बाजारभावानं उभे करावे लागतात. शिवाय वर्षभरात पैसे काढणाऱ्यालाही तीन वर्षांचा दर मिळू लागला, तर एक वर्षाची ठेव कोणी ठेवणारच नाही. म्हणून ठेव मोडली की पावतीवरचा दर बाजूला पडतो. पैसे प्रत्यक्षात जितके दिवस बँकेत राहिले, तेवढ्या मुदतीसाठी ठेव ठेवल्याच्या दिवशी जो दर होता, तो लागतो. त्यातून मग दंड वजा होतो.

इथे ‘ठेव ठेवल्याच्या दिवशी’ हे शब्द फार महत्त्वाचे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहापर्यंत नेला आणि ठेवींचे दरही वाढले. अशा वेळी जुनी ठेव मोडली तर सरलेल्या काळाला आजचा चढा दर मिळत नाही, जुन्या दरपत्रकातलाच मिळतो.

आता आकडे मांडू. समजा, एका गृहस्थांनी तीन लाख रुपये तीन वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवले. त्याच दिवशी एक ते दोन वर्षांच्या टप्प्याला साडेसहा टक्के दर होता. पंधरा महिन्यांनी त्यांनी ठेव मोडली. सात टक्क्यांनी पाच तिमाहींचं चक्रवाढ व्याज 27,185 रुपये झालं असतं. पण पैसे राहिले पंधरा महिने, म्हणून दर साडेसहा. त्यानं व्याज होतं 25,180. त्यातून अर्धा टक्का दंड, म्हणजे दर उरला सहा टक्के आणि व्याज 23,185 रुपये. चार हजारांचा फरक पडला, त्यातला निम्मा दंडाचा आणि निम्मा दर उतरल्याचा. दंड मुद्दलावर एकरकमी बसत नाही, व्याजदरातून वजा होतो, हेही यातून दिसतं.

दंड किती, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. स्टेट बँकेत पाच लाखांपर्यंतच्या किरकोळ ठेवीला अर्धा टक्का आणि त्यावरच्या ठेवीला एक टक्का असा नियम आहे. तिथे आणखी एक अट असते: सरलेल्या काळाचा दर आणि पावतीवरचा दर, यांतला जो कमी तो धरायचा. मोठ्या मुदतीला नेहमी जास्त दर असतो असं नाही. 2023 मध्ये याच बँकेत पाच वर्षांच्या ठेवीला साडेसहा टक्के होते आणि एक ते दोन वर्षांच्या ठेवीला 6.80. अशी पाच वर्षांची ठेव दीड वर्षात मोडणाऱ्याला 6.80 चा लाभ मिळत नाही. हिशेब साडेसहापासूनच सुरू होतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दर तिमाहीला व्याज हातात घेणाऱ्यांची. निवृत्त माणसं बहुधा अशीच ठेव ठेवतात, घरखर्च त्यावर चालतो. वरच्याच तीन लाखांवर सात टक्क्यांनी दर तिमाहीला 5,250 रुपये मिळतात. पाच तिमाहींत 26,250. ठेव मोडल्यावर दर ठरतो सहा टक्के, म्हणजे देय व्याज 22,500. जादा दिले गेलेले 3,750 रुपये बँक मुद्दलातून वळते करते आणि हातात येतात 2,96,250. तीन लाख ठेवले आणि तीन लाखही परत आले नाहीत, हे पाहून माणूस हादरतो. खरं तर ते पैसे त्याच्या हातून आधीच खर्च झालेले असतात. पण सही घेण्यापूर्वी हा आकडा त्याला दाखवायलाच हवा.

मोडण्याआधी तारीखही पाहावी. एखाद्या ठेवीला वर्ष पुरं व्हायला पाच-सहा दिवस उरले असतील, तर तेवढे थांबल्यानं वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. दोन टप्प्यांत अर्ध्या टक्क्याचा फरक असेल, तर तीन लाखांवर सुमारे दीड हजार वाचतात. उलट टोकाला, सात दिवसांच्या आत ठेव मोडली तर व्याजच मिळत नाही. करबचतीची पाच वर्षांची ठेव ठेवीदाराला मध्ये मोडताच येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही. ठेवीदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी ठेव मोडली तर दंड लागत नाही.

गरज थोड्या दिवसांची असेल तर ठेवीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मिळतो का, ते आधी विचारावं. त्याचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त असतो. आपल्या गृहस्थांना एक लाख रुपये चार महिन्यांपुरतेच हवे असतील, तर आठ टक्क्यांनी सुमारे 2,667 रुपये व्याज जाईल आणि तीन लाखांची ठेव सात टक्क्यांनी चालू राहील. पैसे परत भरणं जमणार नसेल तर मात्र मोडणंच बरं. आणि त्यांनी सुरुवातीलाच एक-एक लाखाच्या तीन पावत्या केल्या असत्या, तर एकच मोडावी लागली असती. नुकसान चार हजारांऐवजी सुमारे 1,333 रुपयांवर थांबलं असतं आणि उरलेल्या दोन पावत्यांच्या दराला धक्का लागला नसता.