चंद्राच्या ३.८ सेंटिमीटरचा हिशेब

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सुमारे २,८०० मीटर उंचीवर अपाचे पॉइंट वेधशाळा आहे. तिथल्या साडेतीन मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून चंद्राच्या दिशेने हिरव्या लेसरचे झोत सोडले जातात, सेकंदाला वीस. प्रत्येक झोत इतका क्षणिक असतो की दुर्बिणीतून बाहेर पडताना तो साडेतीन मीटर रुंद आणि जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाड अशी प्रकाशाची चकती असतो. त्या एका चकतीत सुमारे तीस कोटी अब्ज फोटॉन असतात. अडीच सेकंदांनी त्यांतला एखादाच परत येतो.

त्याला परत पाठवणारी वस्तू चंद्रावर १९६९ पासून पडून आहे. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे एक चौकट ठेवली आणि तिच्यात काचेचे शंभर त्रिकोनी लोलक बसवलेले होते. खोलीच्या कोपऱ्यात नेमका चेंडू मारला तर तो तीन पृष्ठांवर आपटून फेकणाऱ्याकडेच परततो, तसा या लोलकांवर पडलेला प्रकाश आल्या दिशेनेच माघारी जातो. पुढे अपोलो १४ आणि १५ ने असेच परावर्तक ठेवले. सोव्हिएत संघाच्या दोन लुनोखोद गाड्यांवरही ते होते. पहिल्या लुनोखोदचा ठावठिकाणा कित्येक वर्षं लागत नव्हता. २०१० मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत ती गाडी दिसली आणि अपाचे पॉइंटच्या चमूने तिच्यावरूनही प्रकाश परत मिळवला.

चंद्रावर पोहोचेपर्यंत झोत पसरून सुमारे दोन किलोमीटर रुंद होतो आणि परततानाही आणखी पसरतो, म्हणून येणारा फोटॉन एकटादुकटा असतो. तो आपलाच हे ओळखायचं कसं? चंद्रावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशही दुर्बिणीत शिरतोच. पण ते फोटॉन वेळी-अवेळी येतात, लेसरचे मात्र अपेक्षित क्षणाभोवती दाटीवाटीने येतात. हजारो झोतांच्या नोंदी एकावर एक मांडल्या की ही दाटी उठून दिसते. अशा पुष्कळ फोटॉनची सरासरी काढून अंतर मिलिमीटरपर्यंत सांगता येतं.

पण मिलिमीटरपर्यंत अंतर कळलं म्हणून चंद्र दूर जातोय हे लगेच कळत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. महिन्याभरात तो कधी ३ लाख ६० हजार किलोमीटरच्या आसपास येतो, तर कधी ४ लाखांच्या पलीकडे जातो. शिवाय वेधशाळेखालची जमीनही स्थिर नाही: समुद्राप्रमाणे घन पृथ्वीलाही भरती येते आणि दिवसातून दोनदा जमीन काही डेसिमीटर वर-खाली होते. इतक्या हलत्या मोजमापात वर्षाचे ३.८ सेंटिमीटर शोधायचे, तर चंद्र लांब का जातो हे आधी पाहावं लागतं.

त्याचं मूळ भरती-ओहोटीत आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राला त्याच्या बाजूला आणि विरुद्ध बाजूला असे दोन फुगवटे येतात. पृथ्वी चोवीस तासांत एक गिरकी घेते. चंद्राला मात्र एका फेरीला सव्वासत्तावीस दिवस लागतात. त्यामुळे वेगाने फिरणारी पृथ्वी फुगवट्याला चंद्राच्या थोडी पुढे ओढून नेते. खंडांच्या अडथळ्यांमुळे प्रत्यक्षातली भरती या सरळ चित्रापेक्षा बरीच गुंतागुंतीची असते, पण सरासरी परिणाम हाच. पुढे गेलेलं पाणी चंद्राला किंचित पुढे खेचतं आणि चंद्र त्या पाण्याला मागे खेचतो. पाणी समुद्रतळाशी घासतं, पृथ्वीची गिरकी मंदावते आणि शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या वाट्याला येतो.

इथे एक गंमत आहे. पुढे खेचला गेलेला चंद्र वेगाने पळायला हवा, पण तो हळू होतो. मिळालेली ऊर्जा त्याला वरच्या, मोठ्या कक्षेत चढवते आणि मोठ्या कक्षेत फिरणाऱ्याचा वेग कमीच असतो.

या हळू होण्यानेच मोजणाऱ्यांचं काम सोपं केलं. पन्नास वर्षांत चंद्राचं सरासरी अंतर जेमतेम १.९ मीटरने वाढतं. पण त्या काळात त्याचा वेग सतत कणाकणाने घटतो आणि प्रत्येक फेरीतला उशीर मागच्या उशिरात मिळवला जातो. उशीर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात साठतो: दुप्पट वर्षांत चौपट. पन्नास वर्षांनी चंद्र कक्षेत, वेग घटला नसता तर जिथे असता त्याच्या, सुमारे सहा किलोमीटर मागे असतो. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे त्याला सहा सेकंद उशीर झालेला असतो. जवळून लांब किंवा लांबून जवळ येताना त्याचं अंतर सेकंदाला पन्नासेक मीटरपर्यंत बदलतं. त्यामुळे सहा सेकंदांच्या उशिराने मोजलेल्या अंतरात कधी कधी तीनशे मीटरचा फरक पडतो. मिलिमीटर मोजणाऱ्याच्या नजरेतून तो सुटणं शक्यच नाही. ३.८ सेंटिमीटर हा आकडा मुख्यतः या साठलेल्या उशिरावरून काढलेला आहे.

त्याचा पडताळा समुद्राकडूनही घेता येतो. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजली. त्यावरून चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीत किती ऊर्जा खर्ची पडते याचा हिशेब मांडला, तेव्हा उत्तर सुमारे अडीच लाख कोटी वॅट आलं. ते लेसरच्या मापाशी जुळलं. हा सगळा खर्च किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात होत असावा असा समज होता. प्रत्यक्षात पाव हिश्शाहून अधिक ऊर्जा खोल समुद्रात, तळाच्या डोंगररांगांवरून पाणी जाताना खर्च होते असं दिसलं.

समुद्राच्या घडणीवर गणित इतकं अवलंबून असल्यामुळेच ३.८ चा आकडा कायमचा धरता येत नाही. चंद्र जवळ असताना भरती अधिक जोरकस असणार, हे लक्षात घेऊन पण समुद्र आजच्यासारखाच होता असं मानून मागे गेलं, तर जेमतेम दीड अब्ज वर्षांपूर्वी चंद्र पृथ्वीला चिकटलेला निघतो. अपोलोने आणलेल्या खडकांनुसार तर त्याचं वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं आहे. याचा अर्थ पूर्वी भरतीचं घर्षण आजच्याहून बरंच कमी होतं. आजच्या अटलांटिकचं पाणी स्वतःच्या लयीत ज्या वेगाने हिंदकळतं, तो वेग साडेबारा तासांच्या भरतीच्या चक्राशी जवळपास जुळतो, त्यामुळे भरती फुगते आणि घर्षण वाढतं. खंडांची मांडणी वेगळी असताना असं जुळत नव्हतं.

त्या जुन्या दिवसांची नोंद प्रवाळांत सापडते. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या बारीक वाढीच्या रेषा मोजल्या. एका वर्षाच्या पट्ट्यात त्यांना चारशेच्या आसपास रेषा मिळाल्या. तेव्हाचं वर्ष चारशे दिवसांचं असेल, तर एक दिवस सुमारे बावीस तासांचा होता.