टांगलेल्या साखळीतला लॉगरिदम

दोन खिळ्यांना साखळीची टोकं अडकवली की मधे ती एका वक्र आकारात लोंबते. हा आकार पॅराबोलाशी जुळतो, असं गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं. साखळी जितकी ताणलेली असेल तितकी ही जुळणी चांगली दिसते, हेही त्याने नोंदवलं होतं. ते निरीक्षण बरोबर होतं, पण आकार पॅराबोलाचा नव्हता. १६९० मध्ये याकोब बर्नुलीने लायप्झिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकातून खरा आकार कोणता, असा जाहीर सवाल टाकला. पुढच्याच वर्षी तीन उत्तरं छापून आली: त्याचा भाऊ योहान, हॉयगेन्स आणि लायब्निझ यांची.

लायब्निझची रचना मला सर्वांत सुंदर वाटते. घातांकी वक्र घ्या, म्हणजे उजवीकडे झपाट्याने चढत जाणारा e^u. त्याचं आरशातलं प्रतिबिंब, डावीकडे चढणारा e^-u, त्याच्याच शेजारी काढा. प्रत्येक ठिकाणी दोघांच्या उंचीची सरासरी घेत गेलं की साखळीचा आकार तयार होतो. पुढे अठराव्या शतकात रिकाती आणि लाम्बेर्ट यांनी या फलांचा स्वतंत्र अभ्यास केला. आज इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मुलं तीच फलं अशी लिहितात:

```
cosh u = (e^u + e^-u) / 2
sinh u = (e^u - e^-u) / 2
```

साखळीत ही फलं येण्याचं कारण तिच्या वजनात आहे. सर्वांत खालच्या बिंदूपासून वर चढत गेलं, तर प्रत्येक कडीवर तिच्या खालच्या सगळ्या कड्यांचा भार येतो. आडवा ताण मात्र सगळीकडे सारखाच राहतो. त्यामुळे साखळीचा चढ तिच्या खालच्या भागाच्या *लांबीच्या* प्रमाणात वाढतो. पॅराबोलात तो *आडव्या अंतराच्या* प्रमाणात वाढतो. साखळी ताणलेली असताना या दोन्हींत फारसा फरक नसतो आणि म्हणूनच नजर फसते.

आता एक साखळी प्रत्यक्ष मोजू. लांबी १० मीटर, दोन्ही टोकं एकाच पातळीवर आणि मधला झोल ३ मीटर. खांब एकमेकांपासून किती दूर आहेत?

साखळीच्या जेवढ्या तुकड्याचं वजन आडव्या ताणाइतकं भरेल, त्या तुकड्याची लांबी a मानू. उंची जमिनीपासून न मोजता सर्वांत खालच्या बिंदूच्या a इतकं खाली असलेल्या पातळीपासून मोजली, की मध्यापासून x अंतरावर उंची a cosh(x/a) असते आणि तिथपर्यंतच्या साखळीची लांबी a sinh(x/a) असते. e^u आणि e^-u यांचा गुणाकार नेहमी १ असल्यामुळे cosh च्या वर्गातून sinh चा वर्ग वजा केला की १ उरतो. म्हणजे उंचीचा वर्ग वजा लांबीचा वर्ग बरोबर a चा वर्ग. आपल्याकडे अर्धी लांबी ५ आहे आणि टोकाची उंची a + ३:

```
(a + 3)^2 - 5^2 = a^2
6a = 16
a = 2.667
```

टोकाची उंची ५.६६७ आली. तिला a ने भागलं की cosh u = २.१२५. आता उलट प्रवास करायचा आहे: cosh माहीत आहे, u हवा आहे. e^u ला t म्हणा. मग t आणि १/t यांची बेरीज ४.२५ हवी. हे साधं वर्गसमीकरण आहे आणि त्याची उत्तरं ४ आणि १/४. t म्हणजे e चा u वा घात, त्यामुळे u मिळवायला t चा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. उत्तरं आली ln 4 आणि -ln 4, म्हणजे १.३८६ आणि -१.३८६. एक उजवा खांब, दुसरा डावा! दोघांमधलं अंतर २ × २.६६७ × १.३८६, म्हणजे सुमारे ७.३९ मीटर.

हेच काम sinh कडून करून पाहा. ५ ला २.६६७ ने भागलं की १.८७५ येतात, म्हणजे t मधून १/t वजा केल्यावर ३.७५ उरायला हवेत. उत्तरं ४ आणि -१/४. पण e चा कोणताही घात ऋण होत नाही, त्यामुळे दुसरं उत्तर आपोआप बाद होतं. पुस्तकांतली व्यस्त फलांची सूत्रं म्हणजे हेच वर्गसमीकरण अक्षरांत सोडवलेलं आहे:

```
arcosh y = ln(y + sqrt(y^2 - 1)),  y >= 1
arsinh y = ln(y + sqrt(y^2 + 1))
```

पहिल्या सूत्रात y एकपेक्षा कमी का चालत नाही, हेही साखळीच सांगते: तिचा कोणताही भाग सर्वांत खालच्या बिंदूच्या खाली जात नाही. आणि डावा खांब हवा असेल तर उत्तरापुढे वजा चिन्ह आपणच लावायचं असतं. सूत्र फक्त उजवा देतं.

कॅल्क्युलेटरवरच्या sinh⁻¹ या बटणाचा अर्थ 'एक भागिले sinh' असा नाही, ते व्यस्त फल आहे. परीक्षेत ही चूक वारंवार होते. दुसरी चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून होते आणि ती जास्त छुपी असते. arsinh चं सूत्र बीजगणित म्हणून निर्दोष आहे, पण y ला -१०,००,००,००० (उणे दहा कोटी) ठेवून पाहा. वर्गात मिळवलेला १ संगणकाच्या नेहमीच्या सोळा-एक अंकी अचूकतेत मावत नाही, वर्गमूळ नेमकं दहा कोटी येतं, बेरीज शून्य होते आणि शून्याला लॉगरिदम नसतो. खरं उत्तर मात्र -१९.११ आहे. उपाय सोपा आहे: धन संख्येसाठी उत्तर काढा आणि मग चिन्ह बदला. पायथनमधलं math.asinh हे फल अशा ठिकाणी घसरत नाही, त्यामुळे सूत्र हाताने लिहिण्यापेक्षा ते वापरलेलं बरं.

लायब्निझने ही गोष्ट उलट्या बाजूनेही पाहिली होती. आकार घातांकी फलांतून बनतो, तर आकार मोजून लॉगरिदम काढता यायला हवा. लांबच्या प्रवासात लॉगरिदमची कोष्टकं हरवली, तर साखळीवर काम भागवता येईल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आपल्या साखळीवर २ चा लॉगरिदम काढून पाहू. २ आणि १/२ यांची सरासरी १.२५. तिला a ने गुणलं की ३.३३३ मीटर. म्हणजे सर्वांत खालच्या बिंदूपासून ६७ सेंटिमीटर वर जायचं आणि तिथली साखळी मध्यरेषेपासून आडवी किती दूर आहे ते मोजायचं. ते अंतर १.८४८ मीटर भरतं. भागिले a, म्हणजे ०.६९३. कोष्टकात ln 2 नेमका तेवढाच दिलेला आहे.

ही जागा मध्य आणि खांब यांच्या बरोबर अध्यावर येते, कारण ln 2 हा ln 4 चा अर्धा. पॅराबोला असता तर इथली उंची झोलाचा पाव भाग, म्हणजे ७५ सेंटिमीटर भरली असती. आठ सेंटिमीटरचा हा फरक साध्या टेपने दिसतो. तीच साखळी १ मीटर झोल ठेवून ताणली, तर फरक अडीच मिलिमीटरवर येतो आणि टेपला तो पकडता येत नाही.

घरी करून पाहायचं असेल तर बारीक कड्यांची, सहज वाकणारी साखळी घ्या. दोरीला स्वतःचा ताठपणा असतो आणि तो आकार बिघडवतो. दोन्ही टोकं पाणसळीने एका पातळीत आणा आणि झोल लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवा.