चावडीवर वाचता येईल असे परिपत्रक

भूम तालुक्यातले ईट हे बालाघाटाच्या पठारावरचे बाजाराचे गाव आणि महसूल मंडळाचे ठिकाण. मुंबईत निघालेला शासन निर्णय धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून भूमच्या तहसिलीत येतो, तिथून मंडळ अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी गावच्या चावडीवर. या वाटेत प्रत्येक कार्यालय त्याला स्वतःचे एक पत्र जोडते. मूळ मजकूर तोच राहतो, त्याच्यावर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ची पुटे चढत जातात. गावाच्या फलकावर जो कागद लागतो, तो खरे तर एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला लिहिलेला असतो. ज्या शेतकऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला उद्देशून त्यात एकही वाक्य नसते.

सरकारी मराठीवर चर्चा निघाली की गाडी शब्दांवर जाते. अमुक शब्द संस्कृतप्रचुर, तमुक फारसी, तिसरा बोजड. माझे म्हणणे वेगळे आहे. परिपत्रक अडते ते शब्दांपेक्षा वाक्यामुळे. काम कोणी करायचे, कधीपर्यंत करायचे आणि न केल्यास काय होईल, हे ज्या वाक्यातून कळत नाही ते वाक्य कितीही सोप्या शब्दांत लिहिले तरी निरुपयोगीच.

ही भाषा आली कुठून

राज्यकारभाराची भाषा बदलण्याचा प्रयत्न मराठीला नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्यातले काही रुळले, पुष्कळ मागे पडले. अर्ज, दाखला, हरकत, वारस हे शब्द मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले, कारण त्यांच्यामुळे कोणाचे काम अडत नव्हते.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर १९४८पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तर उर्दूत चाले. सेतवार, खासरा पाहणी ही नावे जुन्या जमिनीचा उतारा काढायला गेलेल्या माणसाला आजही भेटतात. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी ६ जुलैला भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२मध्ये पदनाम कोश निघाला आणि १९६४मध्ये राजभाषेचा कायदा झाला.

पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टिंगल झाली, पण त्यातली कितीतरी पदनामे आज आपण सहज वापरतो. म्हणजे नवा शब्द रुळायला वेळ लागतो, तरी तो रुळतो. वाक्याचे तसे झाले नाही. इंग्रजी टिपणीतली ठरीव वाक्ये मराठीत आणताना त्यांची ठेवणही सोबत आली. ‘कळविण्यात येते की’, ‘करण्यात यावी’, ‘निम्नस्वाक्षरीकार’ ही त्याच ठेवणीची अपत्ये. इंग्रजी अंमलातला अधिकारी स्वतःला वाक्याबाहेर ठेवून हुकूम सोडी. राज्य आपले झाले, पण वाक्यातला हा गैरहजर अधिकारी तसाच राहिला.

एक परिपत्रक उलगडून पाहू

उदाहरण घेऊ वारस नोंदीचे, कारण हा प्रश्न नाही असे गाव सापडणे कठीण. खातेदार वारतो आणि सातबाऱ्यावर त्याचेच नाव वर्षानुवर्षे राहते. मग पीककर्ज, अनुदान, विक्री, वाटणी सगळेच अडते. यासाठी राज्य सरकारने १ एप्रिल २०२५पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. आधी ती बुलडाणा जिल्ह्यात राबवली गेली होती, मग राज्यभर आली. १ ते ५ एप्रिल गावात चावडी वाचन करून मृत खातेदारांची यादी करायची, ६ ते २० एप्रिल वारसांनी कागदपत्रे द्यायची आणि २१ एप्रिल ते १० मे या काळात फेरफार करून सातबारा दुरुस्त करायचा, असा आखीव कार्यक्रम होता. पूर्वी ज्यांना तलाठी म्हणत त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांवर यातला पहिला भार होता.

अशा कामासाठी नेहमीच्या धाटणीत पत्र कसे लिहिले जाते, त्याचा एक नमुना इथे मी तयार केला आहे. तो कुठल्या एका कार्यालयाचा नाही. अशी पत्रे वाचलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या अधिनस्त सजांतील मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी अधिकार अभिलेखात घेण्याची कार्यवाही विहित कालमर्यादेत पूर्ण करण्यात यावी. तसेच संबंधितांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह सदर कार्यालयाशी संपर्क साधणेबाबत त्यांना अवगत करण्यात यावे. सदर कामी हयगय झाल्यास संबंधितांवर नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

व्याकरणाच्या दृष्टीने यात फारशी खोट काढता येत नाही. पण ‘संबंधित’ दोनदा आला आहे. पहिल्यांदा तो वारसांसाठी, दुसऱ्यांदा कर्मचाऱ्यांसाठी. फलकावर हे वाचणाऱ्या बाईला वाटेल की कागद द्यायला उशीर झाला तर कारवाई आपल्यावर होणार. ‘विहित कालमर्यादा’ म्हणजे कोणती तारीख? ‘सदर कार्यालय’ भूमचे की गावातले? ‘आवश्यक ती कागदपत्रे’ कोणती? माणूस भूमला जाणार, तिथून त्याला परत गावात पाठवणार, मग एक कागद कमी निघणार. प्रत्येक मोघम शब्दामागे एसटीचे भाडे आणि एक बुडालेली मजुरी आहे.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे एका पत्राची दोन पत्रे करणे. अधिकाऱ्यांसाठी आदेश वेगळा आणि गावासाठी सूचना वेगळी. दोन्ही वाचणारे वेगळे, त्यांची कामे वेगळी. शब्द बदलण्याआधी हे झाले पाहिजे. ते झाले नाही तर एकाच कागदात दोघांशी बोलताना ‘संबंधित’सारखे शब्द पुन्हा शिरतातच.

दुसरी पायरी, प्रत्येक ‘करण्यात यावे’ला कर्ता द्यायचा. ‘नोंदी घेण्यात याव्यात’ऐवजी ‘ग्राम महसूल अधिकारी यादी तयार करतील, मंडळ अधिकारी फेरफारावर निर्णय देतील.’ कर्ता लिहायला बसले की पुष्कळदा लक्षात येते, ते काम नक्की कोणाचे हे ठरलेलेच नव्हते. असे झाले तर पत्र थांबवून आधी ते ठरवावे.

तिसरी पायरी, तारीख, जागा आणि कागद यांची नावे लिहायची. गावासाठीची सूचना मग अशी होते:

‘ज्यांच्या नावावर शेतजमीन होती त्या व्यक्तीचे निधन झाले असेल, तर वारसांची नावे सातबाऱ्यावर लावून घ्यावीत. १ ते ५ एप्रिल या काळात ग्राम महसूल अधिकारी चावडीवर सातबाऱ्यांचे वाचन करतील व मृत खातेदारांची यादी करतील. आपल्या घरातले नाव यादीत आले नाही, तर त्यांना लगेच सांगावे. ६ ते २० एप्रिल या काळात त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचे स्वयंघोषणापत्र किंवा शपथपत्र, पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, वय, पत्ते व फोन क्रमांक द्यावेत. लग्न झालेल्या मुलींची नावेही द्यावीत. जमिनीचा वाद न्यायालयात असेल, तर या मोहिमेत नोंद होणार नाही. काही शंका असल्यास ग्राम महसूल अधिकाऱ्यांना विचारावे.’

ही सूचना मूळ पत्रापेक्षा लांब झाली आहे, आणि ते योग्यच आहे. मूळ पत्राला आटोपशीरपणा आला होता तो माहिती गाळल्यामुळे. आता वाक्ये आखूड आहेत आणि मजकूर पुरेसा आहे.

एका वाक्याचे मोल

‘लग्न झालेल्या मुलींची नावेही द्यावीत’ या वाक्यावर थोडे थांबतो. ‘सर्व कायदेशीर वारसांची नावे सादर करावीत’ असे लिहिले तरी कायद्याने तेच म्हटले जाते. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत पुरुषाचे मुलगे, मुली, पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत, आणि २००५च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण गावात ‘वारस’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर मुलगेच येतात. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव राहून जाते, पुढे तिची हरकत येते आणि नोंद तक्रारीत अडकते. इथे मोघम शब्द बहिणीचा हिस्सा खातो. स्पष्ट वाक्य तो वाचवू शकते. अर्थात वारसा कायदा धर्माप्रमाणे वेगळा असतो, म्हणून सूचनेत हिश्शांचे गणित मांडू नये. कोणाचे नाव गाळू नका एवढे सांगावे, बाकी निर्णय अधिकाऱ्यांचा.

आदराचेही असेच आहे. ‘सदर इसम’, ‘मयत’, ‘हयगय झाल्यास’ हे शब्द घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसाला बोचतात. तिथे ‘व्यक्ती’, ‘निधन झालेले खातेदार’ असे लिहायला काही अडचण नाही. मात्र ‘आपणांस सविनय विनंती करण्यात येते की’ अशी साखर पेरूनही आदर होत नाही. ‘द्यावेत’, ‘सांगावे’ या रूपांत मराठीचा आदर पुरेसा आहे. खरा आदर पुढचे पाऊल सांगण्यात आहे. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते, हे हितसंबंधी माणसाला कळवणे कुठल्याही ‘सविनय’पेक्षा मोलाचे.

कुठे हात लावू नये

सोपे करण्याच्या भरात तीन गोष्टी बिघडतात. सातबारा, फेरफार, मंडळ अधिकारी हे शब्द बदलू नयेत. ते लोकांचेच शब्द आहेत आणि खिडकीवर तेच विचारले जातात. दुसरे, ‘करावे’, ‘करता येईल’ आणि ‘करणे बंधनकारक आहे’ यांची अदलाबदल करू नये. पहिल्यात आदेश, दुसऱ्यात मुभा, तिसऱ्यात सक्ती आहे. ओघवते वाटते म्हणून एकाच्या जागी दुसरे घातले, तर कायदाच बदलतो. तसेच ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडले, तर पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या तिघांचेही दाखले आणायची पाळी माणसावर येते. तिसरे, शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख आणि कलम काढून टाकू नये. ते तळाशी एका ओळीत ठेवावे. हक्क मागायला जाणाऱ्याला तोच आधार असतो.

जगातही हाच विचार पक्का होत आला आहे. अमेरिकेने २०१०मध्ये सोप्या सरकारी लेखनाचा कायदा केला. २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सुगम भाषेचे मानक प्रसिद्ध केले. वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट सापडावी, समजावी आणि तिच्यावरून काम करता यावे, हा त्याचा गाभा. तिथेही कसोटी वाचकाच्या हाती आहे, लिहिणाऱ्याच्या नाही.

आपल्याकडे ही कसोटी घ्यायला नवी यंत्रणा नको. चावडी वाचनाची प्रथा आहेच. परिपत्रकावर सही होण्याआधी गावासाठीची सूचना कार्यालयाबाहेरच्या दोन-तीन माणसांना एकदाच मोठ्याने वाचून दाखवावी. मग विचारावे: कोणाकडे जायचे, काय घेऊन जायचे, केव्हापर्यंत? उत्तर चुकले तर दुरुस्ती वाक्यात करायची, ऐकणाऱ्यात नाही. वाचताना ज्या ठिकाणी वाचणाऱ्याचा श्वास तुटतो, तिथे वाक्य तोडायचे. तहसिलीतल्या एका लिपिकाचा यात अर्धा तास जाईल. त्या अर्ध्या तासाने ईटसारख्या गावांतून भूमला होणारे किती हेलपाटे वाचतील, हे मोहिमेच्या शेवटी प्रलंबित राहिलेल्या फेरफारांवरून तपासता येईल, आणि ते तपासलेच पाहिजे.