पोस्टरवरची छोटी लिंक

छोट्या लिंकमध्ये मूळ पत्ता दडवून ठेवलेला असतो, आणि म्हणून ती कायम चालते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात example.org/natyamahotsav सारखी लिंक म्हणजे सेवा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवरची एक नोंद असते. सोसायटीचा वॉचमन वहीत पाहून बिऱ्हाड दाखवतो, तसा सर्व्हर वाचकाला खऱ्या पानाकडे पाठवतो. नोंद पुसली, की पान जागेवर असूनही वाट सापडत नाही.

स्लग (तिरप्या रेषेनंतरचा, आपण निवडलेला भाग) लहान अक्षरांत असावा. बऱ्याच सेवांमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, आणि पोस्टर वाचून टाइप करणारा तिथेच चुकतो. शून्य आणि O अक्षर यांचा घोळही टाळावा.

मुदतीचा धोका मात्र छापल्यानंतरच कळतो. चाचणी योजना संपली किंवा सेवाच बंद झाली, तर लिंक मरते. त्याच लिंकचा क्यूआर कोडही तिच्याबरोबर जातो, कारण त्यातही तोच पत्ता असतो. गूगलने goo.gl वर नव्या लिंक देणे २०१९ मध्ये थांबवले, आणि २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकही बंद केल्या. संस्थेची वेबसाइट असल्यास लिंक तिच्याच पत्त्यावर करावी आणि डोमेनचे नूतनीकरण कार्यक्रमाच्या तारखेपलीकडचे आहे ना, हे छपाईआधी पाहावे.